वाटणीपत्राचा गोषवारा : एका नमुना दस्तावर कलमवार भाष्य

वाटणीपत्र हातात घेणाऱ्याला तीन गोष्टी समजून घ्यायच्या असतात. कुठल्या शाखेच्या वाट्याला काय आलं, ते आज कुणाच्या ताब्यात आहे, आणि वाटे सारखे व्हावेत म्हणून कुणी कुणाला किती रक्कम द्यायची. दस्तात मात्र ही तीन उत्तरं तीन ठिकाणी विखुरलेली असतात, आणि कधी कधी एकाच वाक्यात एकमेकांत गुंतलेलीही असतात. हिस्सा, ताबा आणि देणं एकच समजून गोषवारा लिहिला की तो पुढं बँकेत, तलाठ्याकडे किंवा कोर्टात चुकीचं चित्र उभं करतो. खाली भाष्यासाठी घेतलेला दस्त मी नमुन्यादाखल रचला आहे. त्यातली माणसं, जमिनी आणि आकडे कल्पित आहेत. कलमांची भाषा मात्र पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांतल्या वाटणीपत्रांत आढळते तशीच ठेवली आहे. नावांच्या जागी नाती लिहिली आहेत : मातोश्री, थोरले बंधू, मयत मधल्या बंधूंची पत्नी व मुलगा, आणि भगिनी.

कलम १. “आम्ही सर्वजण आज दिनांक १४ जून २०२४ रोजी राजीखुशीने खालील मिळकतींचे आपापसांत वाटप करीत आहोत व हे वाटणीपत्र लिहून देत-घेत आहोत.”

इथलं महत्त्वाचं क्रियापद ‘करीत आहोत’ हे आहे. वाटप या कागदानंच घडतं आहे, म्हणून त्याची नोंदणी हवी. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे स्थावरातला हक्क निर्माण करणारा किंवा संपवणारा असा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. हेच वाक्य “मागील पाडव्याला तोंडी वाटप झाले, त्याची ही याद” असं असतं तर कागदाचं स्वरूप निराळं झालं असतं. झालेल्या वाटपाची नुसती आठवण लिहून ठेवणाऱ्या यादीला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या काळे खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत तारखेबरोबर दस्त नोंदला आहे की नाही आणि दस्त क्रमांक काय, हे यायला हवं. नोंदणी हवी असूनही दस्त नोंदलेला नसेल, तर पुढचे सगळे हिस्से त्या कागदानं सिद्ध करता येत नाहीत. फार तर कोण कुठं वहिवाटतं एवढ्यापुरताच तो दाखवता येतो.

कलम २. “सदर जमिनी व घर आमचे वडील यांनी सन १९७८ नंतर स्वकष्टार्जित पैशातून घेतले. ते सन २०११ मध्ये मृत्युपत्र न करता मयत झाले. मधले बंधू सन २०१९ मध्ये मृत्युपत्र न करता मयत झाले, त्यांचे मागे पत्नी व एक सज्ञान मुलगा आहेत. सबब मिळकतीत आम्हा चार शाखांचा सारखा एक चतुर्थांश हिस्सा आहे.”

हे कलम प्रस्तावनेसारखं वाचून पुढं जाण्याची सवय असते. पण संपूर्ण दस्तात अपूर्णांकातला हिस्सा फक्त इथंच सांगितलेला आहे, आणि तो नीट तपासायला हवा.

वडिलांची मिळकत स्वकष्टार्जित होती, त्यामुळे ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चौघे आणि प्रत्येकी एक चतुर्थांश. भगिनीचा हा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आलेला नाही. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे. “२००५ आधी लग्न झालं म्हणून तिला हक्क नाही” असं गावात आजही ऐकू येतं, आणि भल्या घरांतही त्यावर विश्वास ठेवला जातो. वडिलोपार्जित मिळकतीबाबतही ते म्हणणं आता टिकत नाही. इथं तर तो प्रश्नच उद्भवत नाही. दस्तानं मिळकतीचा उगम स्पष्ट लिहिला ही त्याची चांगली बाजू आहे, आणि गोषवाऱ्यात ‘स्वकष्टार्जित, वारसाने’ हे शब्द न चुकता उतरायला हवेत.

आता अडचणीचा भाग. २०११ साली चौघांचा सारखा चतुर्थांश होता. २०१९ साली मधला मुलगा गेला तेव्हा त्याच्या चतुर्थांशाचे वारस कोण? पत्नी आणि मुलगा, आणि त्यांच्याबरोबर त्याची आईही. मयत पुरुषाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. दस्त लिहिणारे हे फार वेळा विसरतात. त्यामुळे मधल्या मुलाच्या चतुर्थांशाचे तीन भाग होतात आणि त्यातला एक, म्हणजे एकूण मिळकतीचा बारावा हिस्सा, मातोश्रींकडे जातो. कायद्यानं मातोश्रींचा हिस्सा चतुर्थांश अधिक बारावा, म्हणजे एक तृतीयांश होतो. मधल्या शाखेकडे एक षष्ठांशच उरतो.

दस्त मात्र चौघांना सारखं धरतो. मातोश्रींनी सून आणि नातवासाठी आपला बारावा हिस्सा सोडला असेल, तर तसं करायला त्यांना पूर्ण मुभा आहे. पण हक्क सोडला हे वाक्य दस्तात कुठंच नाही. “सबब सारखा” एवढ्यावरच कलम संपतं. गोषवारा लिहिणाऱ्यानं इथं हिशेब दुरुस्त करू नये, तो त्याचा अधिकार नाही. त्यानं दोन्ही गोष्टी लिहाव्यात : दस्ताप्रमाणे प्रत्येक शाखा एक चतुर्थांश, आणि वारसाहक्कानं मातोश्री एक तृतीयांश व मधली शाखा एक षष्ठांश, सोडलेल्या फरकाचा उल्लेख दस्तात नाही. हा फरक रकमेत किती होतो ते पुढच्या कलमात दिसेल.

कलम ३. “मिळकतींचे मूल्य उभयपक्षी मान्य केले ते असे : गट अ, बागायत, लागवडीखालील २ हेक्टर ४० आर, दर आरास रुपये साठ हजार, गट ब, जिरायत, ३ हेक्टर २० आर, दर आरास रुपये वीस हजार, गावठाणातील दुमजली घर, रुपये बत्तीस लाख.”

बागायत एक कोटी चव्वेचाळीस लाख, जिरायत चौसष्ट लाख, घर बत्तीस लाख. एकूण दोन कोटी चाळीस लाख, म्हणून चतुर्थांश साठ लाख. मागच्या कलमातला बारावा हिस्सा वीस लाखांचा ठरतो. मातोश्रींनी एकही वाक्य न लिहिता एवढी रक्कम सोडली आहे, आणि पुढं वाद झाला तर तो इथूनच होईल.

हे दर कुटुंबानं आपसांत ठरवलेले आहेत. सरकारी मूल्यदर तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो, भरपाईचा हिशेब त्यावर चालत नाही. दस्ताच्या पहिल्या पानावर वेगळी रक्कम दिसली तर गोंधळून जाऊ नये. गोषवाऱ्यात मान्य मूल्यच घ्यावं आणि ते मान्य मूल्य आहे असं लिहावं.

कलम ४. “थोरले बंधू यांस गट अ पैकी पूर्वेकडील १ हेक्टर २० आर, मधल्या शाखेस गट अ पैकी मधील ७५ आर व गट ब पैकी उत्तरेकडील ९० आर, भगिनी यांस गट अ पैकी पश्चिमेकडील ४५ आर व गट ब पैकी मधील ९० आर, मातोश्री यांस गट ब पैकी दक्षिणेकडील १ हेक्टर ४० आर व राहते घर, असे वाटणीस आले.”

प्रत्येक वाट्याची किंमत काढण्याआधी क्षेत्राची बेरीज करावी. बागायतीत १२०, ७५ आणि ४५ मिळून २४० आर होतात. जिरायतीत ९०, ९० आणि १४० मिळून ३२० होतात. दोन्ही बेरजा कलम ३ शी जुळतात. पण बेरीज सातबाराशीही जुळवून पाहावी लागते. समजा गट अ चा सातबारा एकूण क्षेत्र २ हेक्टर ४६ आर दाखवतो. मग सहा आर कुठं गेले? त्यांचं उत्तर पुढच्या कलमात आहे. ते नसतं तर तेवढी जमीन न वाटलेली, म्हणून सगळ्यांची सामाईक राहिली असती, आणि तसं गोषवाऱ्यात लिहावं लागलं असतं.

आता किमती. थोरल्यांचं बागायत बहात्तर लाखांचं. मधल्या शाखेचं पंचेचाळीस आणि अठरा मिळून त्रेसष्ट लाख. भगिनीचं सत्तावीस आणि अठरा मिळून पंचेचाळीस लाख. मातोश्रींचं अठ्ठावीस आणि बत्तीस मिळून साठ लाख. बेरीज दोन कोटी चाळीस लाख. चतुर्थांशाशी ताडून पाहिलं तर थोरल्यांकडे बारा लाख जास्त आहेत, मधल्या शाखेकडे तीन लाख जास्त आहेत, भगिनीकडे पंधरा लाख कमी आहेत, आणि मातोश्री बरोबर आहेत. जास्तीची बेरीज कमीच्या बेरजेइतकी आली पाहिजे. ती येत नसेल तर एखादी मिळकत परिशिष्टातून सुटली आहे किंवा एखादा आकडा टंकताना चुकला आहे. ही कसोटी भरपाईचं कलम वाचण्याआधीच लावावी. कलमातला आकडा आधी डोळ्यांत बसला की मन तोच बरोबर ठरवायला लागतं.

जमीन कापून वाटे अगदी सारखे का केले नाहीत, असं वाचणाऱ्याला वाटेल. काही वेळा कायदाच तसं करू देत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडा वाटणीतही पाडता येत नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून ही मर्यादा बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस आर आहे. कोर्टानं किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी वाटप करताना एखाद्या हिस्सेदाराला तुकडा पडल्याशिवाय जमीन देता येत नसेल, तर त्याला पैशात मोबदला द्यावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. या दस्तातले सर्व भाग मर्यादेच्या बरेच वर आहेत, म्हणून इथं भरपाई कायद्यानं लादलेली नाही. ती घरानं निवडलेली आहे. विहिरीजवळचा सलग पट्टा थोरल्यांकडे राहावा, एवढाच त्यामागचा हेतू दिसतो.

कलम ५. “गट अ मधील विहीर, तीवरील विद्युत मोटर व विहिरीपर्यंतची वाट असे पोटखराब ६ आर क्षेत्र बागायतीच्या तिन्ही हिस्सेदारांचे सामाईक राहील. पाण्याची पाळी आठ दिवसांची : थोरले बंधू चार, मधली शाखा अडीच, भगिनी दीड दिवस.”

सुटलेले सहा आर हे. पाळीचे दिवस क्षेत्राच्या प्रमाणात आहेत का ते पाहावं. १२०, ७५ आणि ४५ यांचं प्रमाण आठ, पाच, तीन. आठ दिवसांचं तेच प्रमाण चार, अडीच, दीड. म्हणजे पाणी जमिनीबरोबर चालतं, माणसाबरोबर नाही. भगिनीनं उद्या आपले ४५ आर विकले तर दीड दिवसाची पाळी घेणाऱ्याकडे जाईल. विहीर थोरल्यांच्या पट्ट्यात असली तरी तिची मालकी तिघांची आहे. सातबारावर विहिरीची नोंद एकट्या थोरल्यांच्या नावे लागली तर तो मोठा घोळ होईल. वीजबिल कुणी भरायचं याबद्दल कलम काहीच सांगत नाही. गोषवाऱ्यात ‘वीजबिलाची तरतूद नाही’ एवढं लिहून पुढं जावं.

कलम ६. “ज्याचे त्याचे हिश्श्याचा कब्जा आजरोजी ज्याचे त्यास दिला व घेतला. मात्र भगिनींच्या ४५ आर क्षेत्रात थोरल्या बंधूंचा ऊस उभा असल्याने तो तुटेपर्यंत कब्जा त्यांचेकडे राहील. मातोश्रींचे जिरायत क्षेत्र त्यांचे नातू निम्म्या वाट्याने कसतील. घराचा वरचा मजला थोरल्या बंधूंचे कुटुंब स्वतःचे घर बांधेपर्यंत वापरील.”

गोषवाऱ्यात सर्वात जास्त चुका या कलमात होतात. पहिलं वाक्य वाचून ‘सर्वांचा ताबा आपापल्याकडे’ असं लिहून टाकलं जातं, आणि ‘मात्र’ नंतरचं सगळं गळतं. या दस्तात चार शाखांपैकी दोघींच्या मिळकतीचा ताबा पूर्ण किंवा अंशतः दुसऱ्याकडे आहे, आणि त्या दोघी घरातल्या स्त्रिया आहेत. हा योगायोग नाही. दस्तावर हिस्सा बहिणीच्या नावे आणि नांगर भावाच्या हाती, ही रीत फार जुनी आहे. गोषवारा लिहिणाऱ्यानं ती झाकली तर त्या बाईचं नुकसान होतं, म्हणून ताब्याची नोंद प्रत्येक मिळकतीसमोर वेगळी हवी.

तिन्ही अपवादांची जात वेगळी आहे. उसाचा ताबा मुदतीचा आहे. ती मुदत तारखेनं नव्हे तर तोडणीनं ठरलेली आहे. कारखान्याचा हंगाम लांबला तर ताबा लांबतो. तोडणीनंतर खोडवा राखायचा हक्क थोरल्यांना आहे का, हे दस्त सांगत नाही. ‘तुटेपर्यंत’ या शब्दाचा सरळ अर्थ पहिल्या तोडणीपर्यंत असा घ्यावा, आणि खोडव्याबद्दल उल्लेख नाही असं नमूद करावं. पुढच्या वर्षी त्याच मुळांतून फुटलेला ऊस दाखवून ताबा रेटला जातो, आणि मग भगिनीला आपली जमीन मिळायला आणखी एक हंगाम जातो.

नातवाच्या कसण्याला मुदतच नाही. शिवाय दुसऱ्याची जमीन कायदेशीर रीतीनं कसणारा १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे कूळ मानला जाऊ शकतो. मालकाच्या कुटुंबातल्या माणसाला त्यातून वगळलेलं आहे. पण वाटणीनं शाखा वेगळ्या झाल्यावर कुटुंब कुठवर धरायचं, हा वादाचा विषय होऊ शकतो. म्हणून अशा कलमात ‘मातोश्रींच्या वतीने, कुळाचा हक्क न सांगता’ हे शब्द असावेत. इथं ते नाहीत.

वरच्या मजल्याचा वापर हा परवानगीचा ताबा आहे. परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षं चालला तरी तो आपोआप मालकीत बदलत नाही. पण ‘घर बांधेपर्यंत’ ही मुदत थोरल्यांच्या मर्जीवर आहे. गोषवाऱ्यात ताब्यासमोर ‘परवानगीने, मुदत अनिश्चित’ हे शब्द लिहावेत.

कलम ७. “हिस्से समान करणेकामी थोरले बंधू यांनी भगिनींस रुपये बारा लाख द्यावेत, पैकी रुपये चार लाख आजरोजी धनादेशाने पोहोचले, उर्वरित रुपये चार लाख दि. ३१ मे २०२५ व रुपये चार लाख दि. ३१ मे २०२६ पर्यंत द्यावेत. मधल्या शाखेने भगिनींस रुपये तीन लाख दि. ३१ मार्च २०२५ पर्यंत धनादेशाने द्यावेत. मुदतीत रक्कम न दिल्यास दरसाल दरशेकडा नऊप्रमाणे व्याज द्यावे.”

बारा आणि तीन मिळून पंधरा लाख. कलम ४ वरून आपण काढलेल्या फरकाशी हे जुळतं. पण ‘धनादेशाने पोहोचले’ ही जागा जपून वाचावी. धनादेश हाती आला म्हणजे रक्कम मिळाली असं नाही. तो वटला की पोहोचली. गोषवाऱ्यात ‘चार लाख मिळाले’ असं न लिहिता ‘चार लाखांचा धनादेश दिला, वटल्याची नोंद दस्तात नाही’ असं लिहावं.

पुढचा प्रश्न जास्त खोल आहे. भाऊ किंवा भाचा रक्कम देऊ शकला नाही तर भगिनीच्या हाती काय उरतं? वाटप त्यामुळं मोडत नाही. कलम १ नं ते पूर्ण झालं आहे, आणि रक्कम थकली म्हणून बहात्तर लाखांची बागायत परत सामाईक होत नाही. पण १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वामिनाथ ओडयार खटल्यात सांगितलं आहे की वाटे सारखे करण्यासाठी ठरलेल्या अशा रकमेचा बोजा साधारणपणे जास्त घेणाऱ्याच्या जमिनीवर बसतो, आणि तो दस्तात स्पष्ट लिहिला नसला तरी मानता येतो. याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. नुसतं कर्ज म्हणून दावा लावायला तीन वर्षं मिळतात. जमिनीवरच्या बोज्याची रक्कम मागायला बारा वर्षं मिळतात.

तरीही एक धोका राहतो. ज्यानं पूर्ण किंमत देऊन, बोज्याची माहिती नसताना जमीन विकत घेतली, त्याच्याविरुद्ध असा बोजा चालत नाही. म्हणून थोरल्यांच्या १ हेक्टर २० आरच्या आणि मधल्या शाखेच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात भगिनीच्या रकमेची नोंद करून घ्यावी. या दस्तात बोज्याचा शब्दही नाही. गोषवाऱ्यात ते लिहावं, कारण ज्याच्या हातात गोषवारा पडेल तो बहुधा याच कलमावर पुढचं पाऊल टाकणार आहे.

कलम ८. “गट अ वर गावच्या विकास सोसायटीचे रुपये चार लाखांचे कर्ज आहे ते थोरले बंधू यांनी आपले खर्चाने फेडावे, त्याबाबत इतरांकडे मागणी करू नये.”

हे कलम वाचल्यावर कलम ७ चा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. कर्ज कुणाच्या कामासाठी घेतलं होतं, हे दस्त सांगत नाही. ते थोरल्यांनी स्वतःच्या उसासाठी उचललं असेल, तर फेडणं त्यांचंच काम आहे आणि चौघांकडे साठ-साठ लाखांचे वाटे राहतात. ते घराच्या कामासाठी, समजा वडिलांच्या आजारपणात किंवा विहिरीच्या खोदकामासाठी उचललं असेल, तर थोरल्यांच्या हाती बहात्तर लाखांतून भरपाईचे बारा आणि कर्जाचे चार जाऊन छप्पन्न लाखच राहतात, आणि बाकी तिघांकडे साठ. कर्ज चौघांत सारखं वाटलं असतं तर मिळकत दोन कोटी छत्तीस लाखांची आणि चतुर्थांश एकोणसाठ लाखांचा झाला असता. मग भगिनीला चौदा लाख मिळाले असते : थोरल्यांकडून नऊ, मधल्या शाखेकडून चार आणि मातोश्रींकडून एक.

सज्ञान माणसं राजीखुशीनं असमान वाटप करू शकतात. थोरल्यांनी सही केली आहे, म्हणून कलम बांधील आहे. गोषवारा लिहिणाऱ्यानं कलम ७ चेच आकडे द्यावेत आणि खाली लिहावं की ‘समान’ हा शब्द कर्ज थोरल्यांचं वैयक्तिक धरलं तरच खरा ठरतो. दुसरं असं की सोसायटीला हे वाटप बांधील नाही. कर्ज फिटेपर्यंत तिचा बोजा संपूर्ण गट अ वर, म्हणजे भगिनीच्या ४५ आरवरही राहतो. थोरल्यांचा हप्ता थकला तर पहिली झळ त्यांच्या बहिणीला आणि पुतण्यालाही लागू शकते.

कलम ९. “मातोश्रींनी त्यांचे हिश्श्याची जमीन व घर हयातभर वहिवाटावे, त्यांचे पश्चात ते दोन्ही भावांच्या शाखांकडे सारखे जावे.”

हे वाक्य घरात प्रेमानं लिहिलं जातं आणि त्यातून अन्याय होतो. याचा शब्दशः अर्थ घेतला तर मातोश्रींना साठ लाखांची मालकी मिळालेलीच नाही. मिळाला तो फक्त हयातभरचा उपभोग, आणि भगिनी त्या मिळकतीतून वगळली गेली. मग कलम २ मधला ‘सारखा हिस्सा’ खोटा ठरतो.

कायदा मात्र इथं मातोश्रींच्या बाजूनं उभा आहे. उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीला वारसानं किंवा वाटपात आलेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची असते. कागदावरच्या मर्यादेचा अपवाद त्याच कलमात आहे. पण तुलसम्मा खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो अपवाद आकसला. स्त्रीचा आधीपासूनच हक्क होता आणि दस्तानं तो फक्त मान्य केला, तर दस्तातली मर्यादा टिकत नाही. मातोश्रींचा हक्क २०११ च्या वारसानं आलेला आहे. तो या दस्तानं जन्माला घातलेला नाही. माझ्या मते इथं ‘हयातभर’ हा शब्द टिकणार नाही, आणि त्यांना आपली मिळकत विकता येईल, मृत्युपत्रानं मुलीलाही देता येईल. तरी गोषवाऱ्यात कलमाचे शब्द जसेच्या तसे यावेत. त्यापुढं ‘कलम १४ पाहावे’ एवढंच लिहावं, निकाल देऊ नये.

गोषवारा

नोंदणी केलेलं वाटणीपत्र, दि. १४ जून २०२४. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित, वारसानं आलेली, मान्य मूल्य दोन कोटी चाळीस लाख. दस्ताप्रमाणे चार शाखांना प्रत्येकी एक चतुर्थांश, साठ लाख. वारसाहक्कानं मातोश्री एक तृतीयांश व मधली शाखा एक षष्ठांश. मातोश्रींनी फरक सोडल्याचं वाक्य नाही.

थोरले बंधू : गट अ पूर्व बाजू १ हेक्टर २० आर, बहात्तर लाख. ताबा स्वतःचा. भगिनीस देणं बारा लाख; पैकी चार लाखांचा धनादेश दिला, चार ३१ मे २०२५ ला, चार ३१ मे २०२६ ला. सोसायटीचं कर्ज चार लाख यांनी फेडायचं.

मधली शाखा, म्हणजे पत्नी व मुलगा : गट अ मधले ७५ आर, गट ब उत्तर बाजू ९० आर, त्रेसष्ट लाख. ताबा स्वतःचा. भगिनीस देणं तीन लाख, ३१ मार्च २०२५ पर्यंत. पत्नी आणि मुलगा यांचे आपसांतले भाग दस्तात ठरवलेले नाहीत.

भगिनी : गट अ पश्चिम बाजू ४५ आर, गट ब मधले ९० आर, पंचेचाळीस लाख. जिरायतीचा ताबा स्वतःचा. बागायतीचा ऊस तुटेपर्यंत थोरल्या बंधूंकडे, खोडव्याचा उल्लेख नाही. घेणं पंधरा लाख, उशिरास नऊ टक्के व्याज. बोजा दस्तात लिहिलेला नाही, सातबारावर नोंद करून घ्यावी.

मातोश्री : गट ब दक्षिण बाजू १ हेक्टर ४० आर व घर, साठ लाख. जमीन नातू निम्म्या वाट्याने कसतात, मुदत नाही. वरचा मजला थोरल्यांच्या कुटुंबाकडे परवानगीने, मुदत अनिश्चित. घेणं-देणं नाही. कलम ९ मध्ये हयातभर वहिवाटीचे शब्द. उत्तराधिकार कायदा कलम १४ पाहावे.

सामाईक : विहीर, मोटर, वाट, ६ आर, बागायतीचे तिघे, पाळी चार, अडीच, दीड दिवस. सोसायटीचा बोजा फिटेपर्यंत संपूर्ण गट अ वर.

हा गोषवारा ज्या दिवशी लिहिला त्या दिवसाची तारीख त्याखाली घालावी, कारण यातला देण्याचा भाग दर हप्त्याला बदलतो. भगिनीनं प्रत्येक हप्त्याची पावती सही करून द्यावी आणि तिची प्रत दस्ताला जोडावी. शेवटचा हप्ता पोहोचला की सातबारावरचा बोजा आपोआप जात नाही. तिचं लेखी संमतीपत्र घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा फेरफार टाकावा लागतो, आणि तो मंजूर झाल्यावरच थोरल्यांच्या नोंदीतली बारा लाखांची ओळ खोडता येते.